बाळ गेलं, मग सुई कुणासाठी?

त्या भागात तिला सगळे मास्तरीण म्हणतात. शाळेशी तिचा काडीचा संबंध नाही. ती गाडी चालवायला शिकवते. छोटी पांढरी गाडी, पुढेमागे शिकाऊ असल्याची लाल पाटी आणि तिच्या पायाशी एक जादा ब्रेक. शिकणारा चुकला की ब्रेकच्या आधी तिचं तोंड सुरू होतं. "आरसा काय भांग पाडायला लावलाय?" "क्लचवर पाय ठेवून झोप लागली का?" "हॉर्न कुणाला वाजवताय, ती भिंत आहे, ती बाजूला होणार नाही!" माणसं खजील होतात, हसतात आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर होतात, कारण तिच्या हाताखालून गेलेला माणूस लायसन्सच्या परीक्षेत सहसा नापास होत नाही.

तिच्या रागाची घरीदारी सगळ्यांना सवय आहे. नवरा तर म्हणतो, ही गप्प बसली की मला हिचा ताप बघावासा वाटतो. स्वभावाने गरीब माणूस आहे. तो बोलतो कमी आणि ऐकतो जास्त, म्हणून त्यांचा संसार चाललाय असं शेजारी म्हणतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

पण हा झाला रोजचा, वरवरचा राग. चौकात सिग्नल सुटला की तोही सुटतो. तिच्या पोटात आणखी एक राग आहे, तो ती कामावर आणत नाही. त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय मास्तरीण कळायची नाही.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तिला दिवस गेले होते. चौथा महिना सरत आला असताना एका सकाळी अंगावरून जायला लागलं आणि दुपारपर्यंत सगळं संपलं. जवळच्या एका लहानशा दवाखान्यात पिशवी साफ केली. भुलीतून डोळे उघडले तेव्हा उशाशी आई होती, पायाशी सासू होती, आणि दोघींचे डोळे सुजलेले होते. संध्याकाळी ती घरी आली. होतं असं एखादीचं, पुढचं नीट होईल, असं जो तो सांगून गेला. तिचं रक्त निगेटिव्ह आहे आणि नवऱ्याचं पॉझिटिव्ह, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पण ते कसं, तर एखाद्याचे डोळे घारे आहेत हे माहीत असावं तसं. त्यात काळजी करण्यासारखं काही आहे, हे घरात कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढचं नीट झालं नाही. मुलगी झाली, जवळजवळ पूर्ण दिवसांची, नाकीडोळी नीटस, पण पांढरीफटक. त्याच दिवशी ती पिवळी पडायला लागली. तिला मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथे तिचं रक्त थोडं थोडं काढून दुसरं भरलं, निळ्या दिव्याखाली ठेवलं, जे करता येण्यासारखं होतं ते सगळं केलं, तरी पोर हाताला लागली नाही. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मास्तरीणला समोर बसवून पहिल्यांदा विचारलं, "याआधीचं पडलं, तेव्हा अँटी-डी दिलं होतं का?"

मास्तरीण म्हणाली, "ते काय असतं?"

मग तिला ते समजलं. आणि अशा वेळी समजलं की न समजतं तर बरं झालं असतं. निगेटिव्ह रक्ताच्या बाईच्या पोटात पॉझिटिव्ह मूल असेल, तर ते जन्मताना, पडताना किंवा पाडताना त्याचं थोडंसं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. आईचं शरीर त्या रक्ताला परकं समजतं आणि त्याच्याशी लढायला प्रतिपिंडं तयार करतं. ज्या मुलामुळे ती तयार झाली, त्याला त्यांचा सहसा त्रास होत नाही. ते तर बाहेर पडलेलं असतं. पण प्रतिपिंडं आईच्या रक्तात मुक्काम ठोकतात. पुढचं मूल पॉझिटिव्ह असलं, की वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात आणि त्या बिचाऱ्याच्या लाल पेशी फोडत सुटतात. हे टाळायला अँटी-डीची एक सुई असते. तीन दिवसांच्या आत दिली, तर आईच्या शरीराला सुगावा लागायच्या आधीच ते परकं रक्त निकालात निघतं. एकदा का शरीराने प्रतिपिंडं बनवली, की मग ती सुई कितीही टोचा, उपयोग शून्य. हे सगळं डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं. मास्तरीणच्या डोक्यात फक्त दोनच शब्द घुमत राहिले, एक सुई, एक सुई.

तिसऱ्या वेळी मुलगा होता. सातव्या महिन्यात, पोटातच, रक्त कमी होऊन त्याच्या अंगात पाणी भरलं आणि ठोके थांबले. प्रत्येक वेळी हे वाढत जातं, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. त्यानंतर नवरा-बायकोने ठरवलं, बास. तो विषय घरात पुन्हा निघाला नाही. त्या वर्षी तिने गाडी शिकवायचं काम धरलं.

त्या लहान दवाखान्यात मात्र ती एकदा जाऊन आली होती. बाहेर बसलेल्या पेशंटांच्या देखत तिने डॉक्टरांना झाडलं. डॉक्टर म्हणाले, "आम्ही सांगितलं होतं. तुमच्याच माणसांनी नको म्हटलं." कोणत्या माणसाने, हे त्यांना आठवत नव्हतं. तिलाही विचारायची गरज वाटली नाही. सासू! दुसरं कोण असणार? सासूबाईंचा हात आखडता, घरात दिवा लागला तरी कशाला लावला म्हणून विचारायच्या. त्यांनी परोपरीने सांगितलं, "मला कुणी विचारलंच नाही गं, मी कशाला नको म्हणेन?" मास्तरीणने ऐकून घेतलं आणि त्यावर विश्वास ठेवला नाही. तेव्हापासून ती त्यांच्याशी कामापुरतं बोलते. त्यांनी केलेला चहा ओट्यावर गार होतो आणि मास्तरीण स्वतःपुरता वेगळा टाकते.

आईला तिने यातलं काहीच सांगितलं नाही. आई हळवी, शेजाऱ्याच्या पोराचा गुडघा फुटला तरी हिला जेवण जायचं नाही. बाळं अशक्त होती, एवढंच तिला सांगितलं. धाकट्या बहिणीला मात्र लग्न ठरताच हाताला धरून नेलं आणि तिचं रक्त तपासून घेतलं. तीही निगेटिव्ह निघाली आणि होणारा नवरा पॉझिटिव्ह. "मूल झालं, पडलं, पाडावं लागलं, काहीही होवो, ती सुई मागून घ्यायची," हे तिने धाकटीकडून इतक्या वेळा वदवून घेतलं की शेवटी धाकटी म्हणाली, "ताई, कपाळावर गोंदवूनच घेते ना, म्हणजे तुझा जीव शांत होईल."

तर त्या दिवशी मास्तरीण पोस्टमास्तर काकांना गाडी शिकवत होती. काका निवृत्त झालेले, हौशी आणि कमालीचे सावध. सायकलवाले त्यांना मागे टाकून जात आणि काका त्यांना हात करून "या, या, पुढे व्हा" म्हणत. मास्तरीणचा फोन वाजला. धाकटीचा नवरा होता.

"ताई, गाडी मोकळी आहे का? हिला घरी न्यायचं होतं."

"कुठून?"

"हॉस्पिटलमधून." मग तो अडखळत म्हणाला, "म्हणजे, ते राहिलं नाही, ताई. परवा त्रास सुरू झाला. साफ करावं लागलं. तुम्हाला सांगू नका म्हणाली ती. तुम्हाला पुन्हा सगळं आठवेल म्हणून."

मास्तरीणला धाकटीचा चौथा महिना आठवला. तिची ती ढिली कुडती, आणि अजून पोट दिसतही नसताना कंबरेवर हात ठेवून चालायची ऐट आठवली. वाईट वाटायला तिला वेळ मिळाला नाही.

"अँटी-डी दिलं?"

"इंजेक्शनं बरीच दिली..."

"अँटी-डी दिलं का, एवढं सांगा."

"ते सिस्टर काहीतरी म्हणत होत्या. मी खाली औषधांच्या रांगेत होतो. वर आलो तेव्हा, नको म्हणून सांगितलंय असं कळलं."

"कुणी सांगितलं?"

"घरच्यांनीच. मला वाटलं, तुम्हा लोकांना त्यातलं माहीत असेल."

तिने फोन बंद केला. घरच्यांनी! पुन्हा घरच्यांनीच! धाकटीची सासू तिच्या डोळ्यांपुढे उभी राहिली, लग्नात मानपानावरून तोंड वाकडं करून बसलेली. "काका, गाडी बाजूला घ्या."

काकांनी आरसा पाहिला, सिग्नल दिला, मागे वळून पाहिलं आणि पुन्हा आरसा पाहिला.

"काका, आज नियम राहू द्या!"

काका बिचारे शेजारच्या सीटवर सरकले आणि पट्टा लावून, दोन्ही हातांनी दाराची मूठ पकडून बसले. लाल पाटीची ती गाडी त्या दिवशी ज्या वेगाने गेली, तो पाहून तिच्याकडे शिकलेल्या कुणालाही लाज वाटली असती. वाटेत काकांनी एकदाच तोंड उघडलं, "मुली, काय झालंय?" मास्तरीणने गिअर बदलता बदलता चार वाक्यांत सांगितलं. काका म्हणाले, "मग आणखी जरा दाब की."

बायकांचा वॉर्ड पहिल्या मजल्यावर होता. फिनाईलचा वास, लोखंडी खाटा, प्रत्येक खाटेखाली एक पिशवी आणि एक चपलांचा जोड. दाराशी एका टेबलामागे सिस्टर बसल्या होत्या. कोपऱ्यातल्या खाटेवर धाकटी घरचे कपडे घालून बसली होती, तोंड उतरलेलं, डोळे कोरडे. मागे बसून आई तिची वेणी घालत होती. धाकटीची सासू कुठेच दिसत नव्हती. जिच्यासाठी रस्ताभर शब्द जमवले, तीच नाही म्हटल्यावर मास्तरीण सरळ टेबलाशी गेली.

"माझ्या बहिणीला अँटी-डी का दिलं नाही?"

सिस्टरनी कोपऱ्याकडे पाहिलं. "सांगितलं होतं आम्ही. इथे शिल्लक नव्हतं, बाहेरून आणायला सांगितलं होतं. नातेवाईक नको म्हणाले."

"कोण नातेवाईक? नाव नको, माणूस दाखवा."

माणूस दाखवावा लागला नाही. आईच वेणी सोडून उठून आली. मोठी आली याचाच तिला आनंद झाला होता. "अगं, हळू बोल, बायका झोपल्यात. मीच म्हटलं नको म्हणून. पोरीच्या हाताची चाळण केलीय यांनी टोचून टोचून. बाळ गेलं, मग आता सुई कुणासाठी? तुझ्या वेळीही असेच मागे लागले होते. तेव्हाही मीच सांगितलं, पुरे झालं, माझ्या पोरीला आता हात लावू नका. झालीसच ना बरी?"

आई हे सहज बोलली. त्यात लपवाछपवी नव्हती, की अपराध नव्हता. उलट लेकीसाठी दवाखान्याशी भांडल्याचा थोडा अभिमानच होता.

मास्तरीणने टेबलाची कड धरली. इतकी वर्षं जो राग तिने एका बाईच्या नावावर जमा केला होता, तो धनी चुकलेल्या सामानासारखा तिच्या पायाशी येऊन पडला. समोर उभी होती तिची स्वतःची आई, हातात धाकटीची रिबीन घेऊन.

राग बाहेर पडलाच, पण आईवर नाही, सिस्टरांवर. "सुई कुणाला टोचायची होती? माझ्या आईला?"

"म्हणजे?"

"मग विचारलंत कुणाला? जिच्या दंडात जायची, तिला विचारलंत?"

"पेशंट भुलीत होती तेव्हा..."

"भूल उतरली नाही का अजून? काल उतरली नाही? ती बघा, बसलीय, बोलतेय, ऐकतेय. माझी आई शाळेत गेली नाही, तिला तुम्ही एका वाक्यात नीट सांगितलं असतं ना, ही सुई गेलेल्या बाळासाठी नाही, पुढच्या बाळासाठी आहे, तर तिने स्वतः धावत जाऊन आणली असती. तुम्ही काय सांगितलंत तिला?"

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी चीड आली होती, ती ओसरली. "एक इंजेक्शन आणायचंय, एवढंच सांगितलं असेल. मी नव्हते तेव्हा. पण तिला स्वतःला विचारायला हवं होतं, हे खरं आहे. आमची चूक आहे."

चूक कबूल केल्यामुळे मास्तरीणच्या रागाची आणखीच पंचाईत झाली. "आता सांगा, वेळ आहे का?"

"आहे. तीन दिवस पुरे व्हायचेत. तिच्या रक्तात प्रतिपिंडं नाहीत, ते पहिल्याच दिवशी तपासलंय, त्यामुळे सुईचा उपयोग होईल. आणि तीन दिवस उलटले तरी आम्ही सोडून देत नाही. दहा दिवसांपर्यंत देतात, उशीर झाला म्हणून. फक्त जितका उशीर, तितका भरवसा कमी. आजच देऊन टाकू. पण तिने हो म्हणायला हवं."

आई हे सगळं बाजूला उभी राहून ऐकत होती. तिला त्यातलं किती कळत होतं कुणास ठाऊक.

धाकटीने हो म्हटलं नाही. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "मला घरी जायचंय, ताई. मला नकोय आता पुढचं बाळ."

"असं म्हणू नकोस."

"नकोय म्हटलं ना! कशाला सुई? आई म्हणते तेच बरोबर आहे. हेच राहिलं नाही तर पुढच्याचं काय घेऊन बसलीस?"

"बघ, तीच नको म्हणतेय," आई म्हणाली. "दमलीय गं पोर. नंतर बघू."

नंतर! मास्तरीणच्या डोक्यात तिडीक गेली. खाटेखालची पिशवी तिने पायाने बाजूला सारली आणि धाकटीच्या समोर, भिंत आणि खाटेच्या मधल्या फटीत जाऊन उभी राहिली. शेजारच्या खाटांवरच्या बायका उठून बसल्या होत्या. त्यांची तिला पर्वा नव्हती.

"नकोय तर नकोय. आज तुला बाळ नकोय, मान्य. मलाही नको होतं. तेव्हा मीही म्हटलं होतं, मला नाही पाहिजे परत. मग वर्षाने पाहिजे झालं. तुलाही होईल. नाही झालं तर नाही, कुणी जबरदस्ती करत नाही. पण तेव्हा ते ठरवायचा हक्क तुझ्याकडे असला पाहिजे. माझ्याकडे नव्हता."

मग ती आईकडे वळली. जे इतकी वर्षं आईच्या काळजीपोटी गिळलं होतं, ते सगळ्या वॉर्डसमोर ओकून टाकलं.

"माझी मुलगी अशक्त नव्हती, आई. चांगली गुटगुटीत होती. माझ्या रक्तात जे तयार झालं होतं, त्याने तिचं रक्त फोडलं. ती माझ्या डोळ्यांसमोर हळदीसारखी पिवळी झाली. मुलगाही त्यानेच गेला, पोटातल्या पोटात. आणि ते तयार का झालं, तर पहिलं पडलं तेव्हा एक सुई दिली नाही म्हणून. तीच सुई. जी तू नको म्हणालीस, ती. गेलेल्यासाठी नव्हती ती, आई! येणाऱ्यांसाठी होती!"

आई खाटेच्या कडेवर बसली. हातातली रिबीन तिने बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

धाकटीने आईकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. ताईला इंजेक्शन मिळालं नव्हतं हे तिला माहीत होतं. ते कुणामुळे, हे तिलाही आत्ताच कळत होतं. तिचे इतका वेळ कोरडे असलेले डोळे भरून आले. इतका वेळ खाटेच्या पायथ्याशी उभा असलेला तिचा नवरा तिच्या पाठीवर हात ठेवायला पुढे झाला, पण तिने त्याला थांबवलं आणि सिस्टरांना हाक मारली.

"सिस्टर, मला द्या ती सुई. मी सांगतेय."

ती आणायला मास्तरीणच गेली. तिथे थांबली असती तर आईला काय बोलली असती, याचा तिलाच नेम नव्हता. काका गाडीत तसेच पट्टा लावून बसले होते. पहिल्या दुकानात इंजेक्शन नव्हतं. दुकानदार म्हणाला, "हे फारसं कुणी मागत नाही, म्हणून ठेवत नाही," आणि मास्तरीणने त्याला असं काही सुनावलं की तो काउंटरमागे दोन पावलं सरकला. दुसऱ्या दुकानात फ्रिजमध्ये एक होतं. हे थंड राहायला हवं, असं सांगून त्यांनी ते बर्फाच्या डब्यात घालून दिलं. तो डबा काकांनी मांडीवर घेतला आणि परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी असा उचलून धरला, जणू त्यात झोपलेलं तान्हं आहे.

मास्तरीण चालवत होती आणि धुमसत होती. कुणावर रागवायचं, हेच तिला ठरवता येईना. आईवर? आईने प्रेमापोटी केलं. तिला कुणी काही सांगितलंच नाही, आणि न सांगणाऱ्यांत ती स्वतःही होती. आईला झेपणार नाही म्हणून तिनेच तोंड शिवून घेतलं होतं. त्या तोंड शिवण्यानेच आज धाकटीचा घात होत होता. पण प्रेमापोटी केलं म्हणून मुलगी परत येत नव्हती. तिला राग येतच होता, आईचा, भयंकर राग, आणि आईचा राग आला म्हणून स्वतःचाही. आणि सासूबाई! इतकी वर्षं रोज सकाळी चहाचा कप ओट्यावर ठेवून निमूट आत जाणारी ती बाई खरं बोलत होती. स्टिअरिंगवर तिने मूठ आपटली.

काका म्हणाले, "माझ्याशी भांड हवं तर. मला वेळ आहे."

"गप्प बसा काका," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. तिने गाडी बाजूला घेतली नाही. तशीच, बाहीने डोळे पुसत, चालवत राहिली.

सिस्टरनी बाटलीवरचं लेबल धाकटीलाच वाचून दाखवलं, तारीख दाखवली, कशासाठी देतोय ते पुन्हा एकदा सावकाश सांगितलं. या वेळी आईलाही समोर उभं करून सांगितलं. धाकटीने कुडतीची बाही वर सरकवली, दंडात सुई गेली, तिने ओठ दाबले, आणि झालं. एवढंच होतं ते. श्वास रोखून धरावा तेवढा वेळही लागला नाही.

"पुढच्या वेळी दिवस गेले की लगेच डॉक्टरांना सांगायचं, निगेटिव्ह आहे आणि हे घेतलंय," सिस्टर म्हणाल्या. "तेव्हाही तपासण्या लागतील, आणि पुन्हा सुई लागेल. एकदा घेतली म्हणजे जन्माचं काम झालं असं नाही."

धाकटीने मान हलवली. "परत मागेन," ती म्हणाली. "मीच मागेन."

मास्तरीण पिशवी उचलायला वाकली. ती सरळ होते तो आई तिच्या शेजारी येऊन उभी होती. आईने तिचा हात धरला आणि तिच्या शर्टाची बाही, लहानपणी अंघोळीआधी करायची तशी, गुंडाळत वर न्यायला सुरुवात केली.

"सिस्टर," आई म्हणाली, "हिचीही राहिलीय. मीच नको म्हटलं होतं तेव्हा. हिलाही द्या."

सिस्टरांचा हात ट्रेवर तसाच राहिला. त्यांनी मास्तरीणकडे पाहिलं.

"मला नाही चालत ती आता, आई."

"का नाही चालत? आत्ता त्याच म्हणाल्या ना, उशीर झाला तरी देतात म्हणून? मी ऐकलंय. द्या हो तुम्ही. लागेल तेवढं थांबतो आम्ही. ही बोलेल काहीबाही, हिचं ऐकू नका."

"आई, सोड."

"उशीर झाला, कबूल आहे मला, पण..."

"दहा दिवस म्हणाल्या त्या!" मास्तरीण इतक्या मोठ्याने ओरडली की जिन्यात उभे असलेले काका दारात आले. "दहा दिवस, आई! दहा वर्षं नाही!"

आईने मान हलवली, ऐकू आल्यासारखी. पण तिने लेकीचा दंड काही सोडला नाही.